धाकटीनं स्वतः शिवलेली वंशावळ

थोरल्यांना कायद्याचं ज्ञान फार. ते त्यांना कुठून मिळालं हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते मान थोडी तिरकी करत, डोळे अर्धे मिटत आणि म्हणत, "बघा, कायदा म्हणजे कायदा." म्हणजे पुढे काही माहीत नाही, असं समजायचं.

थोरल्यांचे वडील, म्हणजे धाकटीचे सासरे, बाइंडर होते. खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर राहायच्या तीन खोल्या. सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं उभं केलेलं. जन्मभर लोकांचे कागद बांधले, पण स्वतःच्या इस्टेटीबद्दल एक कपटा लिहून ठेवला नाही. कुणी मृत्युपत्राचा विषय काढला की म्हणायचे, "मी मेल्यावर तुम्ही भांडलात, तर मला बघायला थोडाच मिळणार आहे? मग आधीपासून त्रास कशाला करून घेऊ?" आणि खरंच एका दुपारी जेवून, सुपारी कातरून, हसत हसत गेले.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी सून. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी वारला, तेव्हा त्यांची मुलगी चिमी पाच वर्षांची होती. महिनाभर धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली. मग सासऱ्यांनी तिच्या हातात सुई दिली आणि सांगितलं, "रडायचं तर रड, पण दोरा ओला होऊ देऊ नकोस, गाठ सुटते." त्या दिवसापासून ती दुकानात. आता चिकटवायची खळ शिजवण्यापासून पुस्तकाच्या कण्यावर कापड चढवण्यापर्यंत सगळं तीच करायची. गिऱ्हाइकं म्हातारबुवांना नमस्कार करत आणि काम तिला सांगत.

म्हणून दिवसकार्य आटोपल्यावर थोरल्यांनी "दुकानाला गिऱ्हाईक बघतोय" असं सहज, पाणी मागावं तसं सांगितलं, तेव्हा धाकटीनं हातातलं काम खाली ठेवलं.

"भाऊजी, मग मी काय करू?"

"अहो, तुम्हाला कोण उघड्यावर टाकतंय? राहा की वर. पण दुकानाचं कसं आहे, वारस म्हणजे आई, मी आणि आमची बहीण. तुमचा हक्क यायचा तो आमच्या भावाच्या मार्फत. तो बाबांच्या आधी गेला. मार्फतच गेली, मग हक्क कुठून येणार? बघा, कायदा म्हणजे कायदा."

धाकटीला वाटलं, असेलही. दोन दिवसांनी थोरले कागदांचा गठ्ठा घेऊन आले. वारसनोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. "जरा नीट शिवून द्या. कचेरीत सुटे कागद हरवतात."

आता बाइंडरच्या घरचा एक नियम. बांधणाऱ्यानं वाचायचं नाही. लोक पत्रं देतात, डायऱ्या देतात, पत्रिका देतात. कडा जुळवायच्या, पानांचे आकडे बघायचे, बाकी नजर सुईवर. सासऱ्यांनी हा नियम तिच्या हाडामासात भिनवला होता. म्हणून जिच्यात तिचं नाव नाही ती वंशावळ धाकटीनं स्वतःच्या हातानं शिवली. दुहेरी दोरा, सात टाके, वर निळा पुठ्ठा. थोरले खूश झाले. "वा! याला म्हणतात फाईल!"

कचेरीत सगळे निघाले. सासूबाई, थोरले, नणंद आणि सासूबाईंच्या हाताला आधार द्यायला धाकटी. वारसनोंदीच्या टेबलामागे एक बाई होत्या. त्या प्रत्येक कागद वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेत.

"मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टाची?"

"स्वकष्टाची," थोरले म्हणाले.

"मृत्युपत्र?"

"नाही."

"आजी, तुम्हाला मुलं किती?"

"तीन," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी वंशावळ नाकाला लावली. "इथं दोनच आहेत."

"तिसरा गेला हो. सात वर्षं झाली."

"लग्न झालं होतं?"

"झालं होतं म्हणजे? ही काय माझ्या शेजारी बसलीय!"

बाईंनी फाईल खाली ठेवली. आधी धाकटीकडे पाहिलं, मग थोरल्यांकडे. "मूलबाळ?"

"एक मुलगी. बारा वर्षांची," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक आला की तिलाच तो शेजारच्या टेबलावरचा वाटला.

"मग या दोघी यात का नाहीत?"

थोरल्यांनी मान तिरकी केली, डोळे अर्धे मिटले. "बघा, कायदा म्हणजे—"

"कायदाच सांगते," बाई म्हणाल्या. "आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि त्याची मुलं पहिल्या वर्गातलेच वारस असतात, तुमच्या आईसारखे, तुमच्यासारखे. मुलगा आधी गेला म्हणून त्याची फांदी तुटत नाही. आणि हे तुम्ही शपथेवर लिहिलंय! खोट्या शपथेला शिक्षा असते, ठाऊक आहे?"

थोरल्यांचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला. "अहो, मला चहाच्या टपरीवर एकानं सांगितलं..."

नणंद फसकन हसली. "दादा, वकील तरी बदल! निदान बसायला खुर्ची असलेला बघ."

"म्हणजे आता पाच सारखे भाग?" थोरल्यांनी घाबरत विचारलं.

"चार. एक आईंचा, एक तुमचा, एक बहिणीचा. चौथा तुमच्या भावाच्या शाखेचा, आणि त्यात या दोघी मायलेकी निम्म्या निम्म्या."

धाकटीला ते कागदासारखं दिसलं. मोठ्ठा ताव, दोनदा घडी, चार पानं. त्यातल्या एकाच पानाला आणखी एक घडी. एवढं सोपं! आणि तिच्या त्या अर्ध्या पानावर उभं राहायला पुरेशी जागा होती.

"नवं प्रतिज्ञापत्र करून आणा. वंशावळही नवी," बाई म्हणाल्या आणि जुने कागद काढायला लागल्या. ओढलं, पिळलं, पट्टी घातली. एकही टाका हलेना. "कुणी शिवलंय हे?"

"मीच," धाकटी म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आवरेचना. सासूबाई हसल्या, नणंद हसली, शेवटी थोरलेसुद्धा हसले. दुसरं करणार काय? धाकटीनं पर्समधली कात्री काढली आणि स्वतःचे सातही टाके कटाकट कापले.

बाहेर आल्यावर थोरले मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, लबाडी नव्हती हो मनात. अक्कल नव्हती."

"ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझं ऐक. दुकान विकायला माझी सही मिळायची नाही."

"माझीही नाही," नणंद म्हणाली.

नवे कागद दाखल झाले. नोटीस लागली, मुदत संपली, कुणी हरकत घेतली नाही आणि उताऱ्यावर पाच नावं चढली. चिमीच्या नावापुढे अज्ञान, म्हणजे कायद्याच्या भाषेत अठराच्या आतली, पालक आई, असं लिहून आलं. ते वाचून चिमी दिवसभर "मी अज्ञान आहे, मला अभ्यास सांगू नका" म्हणत घरभर नाचली.

आठवड्यानं थोरल्यांचं ते गिऱ्हाईक दुकानात आलं. बगलेत बॅग, हातात हिशेबाची वही, तोंडात पान. "काय मालक, व्यवहाराचं कुणाशी बोलायचं?"

थोरले कोपऱ्यात पुठ्ठे मोजत होते. त्यांनी बोटानं दाखवत सुरुवात केली. "आधी आईशी बोला, ती नाही म्हणेल. मग बहिणीशी, ती हसेल. मग या वहिनींशी, त्यांच्या हातात सुई आहे, जरा लांबूनच बोला. आणि सगळ्यात शेवटी त्या स्टुलावरच्या बाईंशी. त्या अज्ञान आहेत, त्यांच्या हिश्शाला न्यायालयाची परवानगी लागते."

स्टुलावर चिमी पाय हलवत बसली होती. तिनं पाहुण्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "काका, विकायचं नाहीये. पण तुमची ती वही फाटलीय. बांधून देऊ का?"

पाहुण्यानं मुकाट्यानं वही पुढे केली आणि धाकटीनं सुईत दोरा ओवला.