‘मदत केली’ चालणार नाही

अमेरिकेतल्या आमच्या डलूथच्या शाळेत माझी सहकारी लॉर्ना हॉगेन इतिहास शिकवायची. गटाच्या सादरीकरणाला सगळ्यांना सारखेच गुण देणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने तक्त्यात आपण आज काय केलं ते लिहायचं आणि शेजारच्याने त्यावर सही करायची.

एकदा टोव्हा नावाच्या मुलीच्या ओळीत गटकामाचे तिन्ही दिवस ‘मदत केली’ एवढंच होतं. सादरीकरणाच्या फाइलमधला बदलांचा इतिहास पाहिला, तर सगळ्या स्लाइड तिच्या गटातल्या ब्रिजेटच्या नावावर.

लॉर्नाने दोघींना बोलावलं आणि टोव्हाला विचारलं, “मदत केली म्हणजे काय केलं?”

“विशेष काही नाही.”

ब्रिजेट वैतागली. “बाई, जुन्या गोदीवरच्या बारा म्हाताऱ्या कामगारांना हीच भेटली. ही सांगत गेली, मी टाइप केलं. त्याशिवाय आमच्याकडे होतं काय?”

“मग लिहिलं का नाहीस गं?”

“बढाई वाटते,” टोव्हा म्हणाली. आमच्याकडे सगळ्यांचं हेच.

“बढाई मारू नकोस, हकीकत लिही. नावं, तारखा, सगळं.” टोव्हाने लिहिलं, ब्रिजेटने सही केली, मगच लॉर्नाने गुण दिले.

यंदा लॉर्ना निवृत्त झाली. निरोपाच्या पुस्तिकेसाठी मी तिच्याकडे एकतीस वर्षांत काय केलंस ते लिहून मागितलं. कागदावर दोनच शब्द आले: ‘मदत केली.’

मी लाल पेनाने खाली लिहून कागद परत पाठवला: म्हणजे काय केलं?