चाळिसावा फोन

उत्तरेश्वर मूळचा धाराशिवकडचा. अकरा वर्षं त्यानं स्वारगेटजवळच्या एका गाळ्यात मोबाइल दुरुस्त केले. आता विश्रांतवाडीतल्या एका छोट्या कंपनीत तो अ‍ॅप तपासतो. पदव्यांच्या त्या गर्दीत बिनपदवीचा तो एकटाच. पण फोनचं दुखणं त्याला जितकं कळतं तितकं तिथं कुणालाच कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

कंपनीकडे लोणी काळभोरच्या फूल उत्पादकांच्या गटाचं काम आलं. उद्या किती किलो शेवंती तोडायची, याचा निरोप दुपारी अ‍ॅपवर यायचा आणि संध्याकाळी सहाच्या आत ‘होकार’चं बटण दाबायचं. नाही दाबलं, तर मागणी पुढच्याकडे जाणार आणि आपली फुलं झाडावरच राहणार.

कंपनीच्या मालकीणबाई राजनंदिनी. त्यांनी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नावली पाठवली होती. चाळीस घरांतून चाळीस उत्तरं आली: सगळ्यांकडे अँड्रॉइड नऊ किंवा त्यापुढचा. "मग नऊच्या खालचं काही ठेवायचं नाही. स्क्रीनही मोठीच धरा," त्या म्हणाल्या.

उत्तरेश्वरला हे पटेना. गाळ्यावर त्यानं एक रीत पाहिली होती. नवा फोन येतो पोराला, पोराचा जातो बापाला आणि बापाचा, काच तडकलेला, आईला. प्रश्नावली भरली पोरांनी. तोडणी बघतात आया.

"मॅडम, शेतात जाणारा फोन बघून येतो."

"जा. येताना फुलं आणू नका, अहवाल आणा."

दोन दिवस तो बांधाबांधानं फिरला. चाळीसही फोन हातात घेऊन पाहिले. सव्वीस नऊ किंवा त्यापुढचे, दहा सात-आठचे, तीन सहाचे. चाळिसावा मथुराबाईंचा, अँड्रॉइड पाच. साठीच्या या बाई एकट्याच दीड एकर शेवंती सांभाळत. प्रश्नावली पुतण्यानं स्वतःच्या फोनवरून भरली होती. त्यांनी उत्तरेश्वरला बाजरीची भाकरी वाढली आणि विचारलं, "माझ्या फोनात बसंल न्हवं तुमचं ते?"

"बघतो मावशी," एवढंच तो म्हणाला.

आणखी एक गोष्ट सापडली. जरा बऱ्या फोनांतही बायांनी सेटिंगमध्ये जाऊन सगळंच मोठं करून घेतलं होतं, उन्हात दिसावं म्हणून. त्यामुळे फोनची स्क्रीन तेवढीच राहिली, तरी अ‍ॅपच्या हिशेबी ती अरुंद झाली. सोबत नेलेलं कच्चं अ‍ॅप त्यानं त्यांत टाकून पाहिलं, तर ऑफिसात झोकात दिसणारं ‘होकार’चं बटण खालच्या कडेच्या बाहेर गेलं होतं!

परतल्यावर त्यानं तडकलेला एक जुना फोन, तसंच सगळं मोठं करून, राजनंदिनींच्या हातात दिला. "होकार द्या, मॅडम."

त्यांनी बोट वर-खाली फिरवलं. बटण काही सापडेना.

"ठीक आहे, पटलं," त्या म्हणाल्या. पुण्यात याला कौतुक म्हणतात. "पण जुन्या, कमी ठिपक्यांच्या स्क्रीनसाठी वेगळी चित्रंही कोंबली तर अ‍ॅप फुगेल."

"फुगत नाही. ज्या फोनला जी लागतात तेवढीच चित्रं प्ले स्टोअर त्याला पाठवतं."

बटण तळाशी पक्कं बसवलं, वरचा मजकूर सरकता केला आणि सगळं अगदी अरुंद पडद्यावर तपासलं. खालची हद्द अँड्रॉइड सहा ठरली. एकोणचाळीस फोन आत आले.

"आणि चाळिसावा?" राजनंदिनींनी विचारलं.

अ‍ॅप ज्या तयार सॉफ्टवेअर-भागांवर उभं होतं, त्यांच्या नव्या आवृत्त्या अँड्रॉइड पाचवर चालत नव्हत्या. पाचसाठी ते भाग जुनेच ठेवायचे, तर एकोणचाळीस जणांचं अ‍ॅप जुन्या चुकांसकट चालवावं लागणार. उत्तरेश्वरला त्या भाकरीची आठवण झाली. "बाहेर," तो म्हणाला. "पण मागणी बाहेर जाता कामा नये. त्यांना यंत्राचा फोन जाऊ दे. किलो मराठीत सांगायचे, होकाराला एक दाबायचं."

राजनंदिनींनी मान डोलावली. "कळवून टाका त्यांना."

त्याला एका ओळीचा मेसेज पाठवून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी रविवारी दोन बस बदलून तो लोणीला गेला. मथुराबाई वाफ्यात खुरपत होत्या.

"मावशी, तुमच्या फोनात ते बसणार नाही. मीच नाही म्हटलं. त्याऐवजी रोज दुपारी तुम्हाला फोन येईल." एक कसा दाबायचा, ते त्यानं दाखवलं.

मथुराबाईंनी एकदा दाबून पाहिला. मग फोन पदराला पुसून कमरेला खोचला.

"ह्या फोनात आधी ब्यांकेचं बंद झालं, मग ग्यासचं. कुणी सांगितलं न्हाई. मला वाटायचं, माझंच काय तरी चुकतंय." त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "न्हाई म्हणायला इतक्या लांब तू पहिलाच आलास, बाबा."