साडेआठची गाडी

मास्तर म्हणाले, "पाचच मिनिटं राहिली," आणि माझा शेवटचा प्रश्न तसाच होता. कारखान्याच्या या परीक्षेत पाच प्रश्नांपैकी चार बरोबर हवे होते. अर्जाचा प्रश्न चुकला, हे मला कळलं होतं. पास झाले तर पॅकिंगमधून स्टोअरमध्ये जाणार होते. नाही तर पुन्हा खोकी बांधायची.

प्रश्न एसटीच्या वेळापत्रकाचा होता. रविवारी दहाच्या आत राजगुरुनगरला पोचायचं आहे, सर्वांत उशिराची गाडी कोणती? साडेसातची पावणेनऊला पोचत होती, साडेआठची पावणेदहाला. साडेआठपुढे फुली होती आणि खाली 'सुट्टीच्या दिवशी बंद'. आमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी. रविवारी आम्ही कामावर असायचो. म्हणून मी साडेआठ लिहून टाकलं.

कागद द्यायला उठले, तेव्हा अगदी तळाची बारीक ओळ दिसली: 'सुट्टी म्हणजे रविवार व सणाचे दिवस.' उभ्यानेच साडेआठ खोडून साडेसात लिहिलं.

बाहेर आल्यावर मी साडेसात लिहिल्याचं सांगितलं, तर शेजारी बसलेली बाई भांडायलाच उठली. "रविवारी कुठली गं सुट्टी? आपण तर मरमर काम करतो!"

"अगं बये, यष्टी काय आपल्या कंपनीची हाय व्हय?" मी म्हटलं.

आम्ही सहाजणी बसलो होतो. पास मी एकटीच झाले.