बायजाबाईच्या कनवटीतला फ्यूज

बायजाबाई कोपरखैरण्याच्या गावठाणातली. आमची सोसायटी उभी राहायच्या आधी इथे तिच्या सासऱ्याची शेतं होती. ती भांडीधुणी करत नसे. वर्षातून दोनदा, नवरात्राच्या आधी आणि चैत्रात, घराघरातले सीलिंग फॅन आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांचे माथे साफ करायची, एवढंच. एकदा मी तिला विचारलं, "हेच काम का गं धरलंस?"

"वैनी, आमच्या जमिनीवर तुमी काय शिजवता ते बघायला नको? खाली बसून काय कलतंय? वर चढल्यावर कलतं."

आणि खरंच तिला कळायचं. कपाटावर बोट फिरवून ती वास घ्यायची आणि कुणाकडे श्रावणात सुके बोंबील भाजले ते छातीठोक सांगायची. त्यामुळे तिला बोलावताना सगळ्या बायका जरा दबकूनच असत.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई सत्यभामाबाई, साताऱ्याकडून पहिल्यांदाच इकडच्या घरी घट बसवायला येणार होत्या. येताना घरातले देवांचे चांदीचे टाक आणणार होत्या. त्यांचे गुडघे थकले होते. घर पसंत पडलं तर देव कायमचे आमच्याकडे राहणार, नाही तर दसऱ्यानंतर धाकट्या जावेकडे जाणार. देव आपल्या घरी यावेत ही माझी फार दिवसांची इच्छा होती. ती कुणाला बोलून दाखवली नव्हती, देवाला सोडून.

आत्याबाईंची परीक्षा ठरलेली. पाटावर चढून त्या कपाटाच्या माथ्यावर तर्जनी ओढायच्या. "जितं माशी चिकाटती तितं देव बसत न्हाईत," हे त्यांचं वाक्य. माझ्या कपाटावर त्या वेळी माशीच काय, मांजर चिकटलं असतं. बायजाबाईला दोन वर्षं बोलावलं नव्हतं, तेवढ्या सगळ्या फोडण्या तिथे जाऊन बसल्या होत्या.

आत्याबाई गुरुवारी येणार होत्या, म्हणून बुधवारी सकाळी मी बायजाबाईला बोलावलं. घट बसल्यावर नऊ दिवस आमच्यात जाळी-जळमटं काढत नाहीत, तेव्हा काय ते आधीच उरकायचं होतं.

ती आली तीच जुनी लग्नपत्रिका घेऊन. "सुरी लावायची नाय, सनमायका जाते." जाड पत्रिका दुमडून तिने कपाटावरचा काळपट थर खरवडायला घेतला. जिथे निघेना तिथे गोड्या तेलाचा बोळा चोळला. "तेलाला तेलच बोलवतं. आता पापडखार द्या."

पहिल्यांदा तिने पापडखार मागितला तेव्हा मला वाटलं होतं, बाई घरी पापड करणार. पण तिने तो कढत पाण्यात साबणाच्या किसाबरोबर ढवळला. ते फडकं पिळून फिरवलं की चिकटा फेसाबरोबर सुटून यायचा. मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं, आणि शेवटी वर्तमानपत्र पसरायचं, म्हणजे पुढच्या वेळी नुसता कागद बदलला की झालं.

कपाट झालं तशी ती हॉलच्या फॅनकडे वळली. आधी मेन बंद केला, फॅनच्या लाइनचा फ्यूज उपसून कनवटीला लावला आणि मेन परत चालू केला.

"बटण बंद केलं तरी कुनी येऊन दाबतं. फ्यूज माज्याकडे असला म्हणजे माझं डोकं माज्या मानेवर राहतं."

जुना उशीचा अभ्रा एकेका पात्यावर मोजा घालावा तसा घालून तिने मागे ओढला. सुकी धूळ अभ्र्यात गेली, गादीवर कणही पडला नाही. "आदी पानी लावलं तर चिखल होतो," ती म्हणाली. पातं वाकू नये म्हणून डावा हात खालून टेकवून मग तिने तिन्ही पात्यांना पापडखाराचा दाट लेप दिला. "आता धा मिनिटं मुरू दे."

ती स्टुलावरून उतरली आणि बेल वाजली. दारात आत्याबाई! हातात पिशवी, कपाळावर घाम.

"येष्टी सापडली, आली एक दीस आदी. बाई बाई, काय उकडतंय तुमच्या ममईत! फॅन लाव आदी."

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. फॅन हलला नाही.

बायजाबाई पटकन म्हणाली, "लाईट गेली, आजी."

आत्याबाईंनी कान दिला. आतून फ्रिजची गुरगुर येत होती.

"लाईट गेलीया, मग त्यो कोन घोरतंय?"

"त्यो... त्यो फ्रिज हाय. त्याला थंडी लागली का कन्हतो."

मी देवाचं नाव घेतलं. आत्याबाईंनी बायजाबाईकडे, मग तिच्या फुगलेल्या कनवटीकडे पाहिलं.

"काय लपवलंस गं तितं? काढ."

बायजाबाईने पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढून तळहातावर ठेवला. "लावते की. पन पदर डोक्यावर घ्या नि वर बघू नका. वर काकवी शिजतेय."

आत्याबाईंनी वर पाहिलंच. पात्याच्या टोकाला तपकिरी थेंब लोंबत होता, बरोबर त्यांच्या इरकली लुगड्याच्या वर. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"पूस मग! तोंडाकडं काय बगतीस?"

बायजाबाईने फडकं घेतलं, आत्याबाई वर्तमानपत्राने वारा घेत खाली बसून हुकूम सोडू लागल्या. "कडंला ऱ्हायलं. मदल्या मोटारीच्या डब्याला पानी नको लावू." "नाय लावत, आजी. तुमचा जन्म व्हायच्या आदीपासून नाय लावत." "मी तुज्यापरीस म्होटी हाय!" "मग पदर खोचून वर या." एवढं भांडण मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. आणि दोघींच्या तोंडावर हसू!

पुसून झाल्यावर बायजाबाईने फ्यूज परत बसवला आणि फॅन फिरू लागला. आत्याबाई पाटावर चढल्या, वर्तमानपत्राची कड उचलून कपाटावर तर्जनी ओढली. बोट बघितलं. कोरडं, स्वच्छ. खाली येऊन, हातपाय धुऊन, चौरंगावर टाकांची लाल पुडी सोडली. एकेक टाक पुढून लखलखीत, दर वर्षी घासलेला. त्यांनी पहिला टाक धरून पालथा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं. तर्जनी काळीकुट्ट झाली होती. पिढ्यान्‌पिढ्यांचं समईचं तेल आणि काजळी पाठीवर चिकटून बसली होती.

दारात चहा पीत बसलेली बायजाबाई जागची हलली नाही. "मी हात लावत नाय, आजी. पन ते कपाटाचं नाय हां. कपाट आताच पुसलं."

आता देव गेलेच, असं वाटलं. आत्याबाईंनी बोट निरखलं. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं.

"पुढून समद्यांनी घासलं. पाठ कुनी बगितलीच न्हाई. म्या बी न्हाई."

"पापडखार देऊ?" मी विचारलं.

"चांदीला बेसन!" दोघी एकदम म्हणाल्या.

मी बेसन कालवलं, आत्याबाईंनी कोमट पाण्यात देवांच्या पाठी चोळल्या. बायजाबाई दारातून सांगत होती, "कडंला ऱ्हायलं, आजी," आणि आत्याबाई ऐकत होत्या.

दसरा झाला, त्या एकट्याच साताऱ्याला परतल्या. पिशवी हलकी होती. निघताना मला म्हणाल्या, "देव ऱ्हाऊ दे हितं. वरसाला त्यांच्या पाठी बग. न्हाई जमलं तर त्या बायजेला दारात बसीव, ती बगल."