एकवीस दिवस

धाराशिवच्या एसटी स्टँडसमोर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. विमानाचं तिकीट काढताना 'अटी मान्य' या चौकोनावर मी आजवर हजारदा टिचकी मारली असेल. अटी मात्र कधी वाचल्या नव्हत्या. तरी गिऱ्हाइकासमोर तोरा असा, की जणू त्या मीच लिहिल्यात.

आमच्या गल्लीतली खाला भावाच्या कुटुंबासोबत मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला जाणं शक्य नव्हतं. त्याच्यासाठी तिनं कफनाचं कापड तिथं झमझमच्या पवित्र पाण्यात भिजवून, वाळवून, घडी करून बॅगेत ठेवलं होतं. हैदराबादला बॅग आलीच नाही. तिथल्या काउंटरवर तिच्या भावानं तक्रार नोंदवली आणि पाचव्या दिवशी विमान कंपनीच्या गाडीनं बॅग घरी पोचवली.

तिनं मला फोन केला. "बेटा, बॅगचा कोपरा ओला लागतुय. उघडू का? का लेक आल्यावर?"

त्यांच्याकडं उमऱ्याची बॅग सगळे जमल्याशिवाय उघडत नाहीत. लेक नळदुर्गला, तिच्या पोरांची परीक्षा चालू. मी ऐटीत मोबाइलवर कंपनीच्या अटी उघडल्या. सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार, एवढी ओळ दिसली आणि मला तेवढीच पुरली.

"खाला, एकवीस दिवस हायेत. येऊ द्या लेकीला निवांत."

बॅग घरी आल्यापासून अकराव्या दिवशी लेक आली. बॅग उघडली तर खजूर आंबलेले आणि कापडावर काळ्या बुरशीचे ठिपके, धुऊनही न जाणारे. पहिल्याच दिवशी उघडलं असतं तर उन्हात टाकून भागलं असतं. मी तक्रार धाडली. उत्तर सभ्य होतं: उशिरामुळं काही खर्च झाला असल्यास पावत्या पाठवा, खराब झालेल्या सामानाची तक्रार मात्र ते ताब्यात मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी यायला हवी होती, त्यामुळं ती विचारात घेता येत नाही.

मी अटी पुन्हा उघडल्या. सात दिवसांची ओळ एकवीसच्या बरोबर वर होती. तेव्हा मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

खालाला मी एवढंच सांगितलं, की कंपनी नाही म्हणते. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझी चूक सांगायला जीभ रेटली नाही, याची आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी खालाचा नवरा गेला. कफनाचं कापड बाजारातून आणलं. मातीहून परतल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसलो. आता सांगून टाकावं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

तिनंच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कंपनीवाले लई बेइमान, बेटा. तू तर सगळं वाचून सांगितलं होतंस."

मी मान खाली घातली आणि उठून आलो.