एकविशीची उतरण

किशोर ढगे वर्ध्याच्या एका कॉलेजात खेळाचे मास्तर. जिल्हा स्पर्धांचे पंधरा वर्षांचे आकडे संगणकात भरून, कोणत्या खेळात मुली कोणत्या वयाला कळस गाठतात हे शोधायचा त्यांना भारी नाद. धावण्याची वयागणिक सरासरी काढली, तर एकविशीनंतर आलेख उतरायचा. त्याच भरवशावर त्यांनी सेलूच्या मनोहररावांना छातीठोक सांगितलं होतं, की तुमच्या गुंजनचा पाच हजार मीटरमधला भर आता ओसरला.

काल त्यांनी गोळाफेकीचा आलेख काढला. तोही एकविशीलाच उतरला. शंभर मीटरचाही तिथेच! सगळ्या खेळांतली अंगं एकाच वाढदिवसाला थकतात होय? मग सरासरी सोडून त्यांनी एकेका मुलीची वेगळी रेष ओढली. जवळजवळ प्रत्येक रेष चढत होती, आणि चढता चढताच तुटत होती. चांगल्या पोरी लग्न होऊन मैदान सोडत होत्या, म्हणून मागे उरलेल्यांची सरासरी पडत होती. सासरी गेलेल्या पोरींना मास्तर थकलेल्या ठरवत बसले होते.

आज दुपारी मनोहरराव पत्रिका घेऊन आले. "सर, तुमी सांगतलं ते बरं झालं. पोरगी म्हणे, अजून दोन वर्षं धावू द्या. म्या म्हटलं, सरच नाई म्हणून राह्यले. लग्नाले नक्की येजा."

संगणकावर गुंजनची रेष उघडीच होती, सगळ्यांत उंच चढलेली. किशोररावांनी पडदा हळूच भिंतीकडे वळवला आणि म्हणाले, "येतो ना."