मी लिवलेली नवीन लुगडी

लढाई चालू होती तवाची गोष्ट. आमी हिंगोलीत एका खोलीत राहत होतो, पोरगं आठ महिन्याचं, अन् हे तापानं फणफणलेले. हे शिळाछापखान्यात जाहिराती लिवायचे. पिवळट कागदावर तेलकट शाईनं लिवायचं, तो कागद दगडावर दाबला की अक्षर दगडावर उतरतं, मंग पायजे तेवढे कागद निघतात. शाई खोडता येत न्हाई, अन् तेलाचं बोट लागलं तर तेबी छापून येतं. तापानं यांचा हात चालत न्हाई हे छापखान्याच्या मालकाला कळलं असतं तर वसमतचा दुसरा लिवणारा आला असता, अन् आमी कुठं गेलो असतो? म्हून मी लिवायला बसले. तिसरीपस्तोर शिकले, पण अक्षर यांनीच वळवलं होतं, दोघांचं सारखंच यायचं.

कापडाच्या दुकानदाराची चिठ्ठी आली होती, जाहिरातीत काय लिवायचं त्याची. मी वाचून दाखवली. सगळ्या मालाला नवीन, ताजं, नूतन, अभिनव, समदं एकाच ओळीत.

हे खाटेवरून म्हणले, "काहून एवढे? एकेका मालाला एकच शब्द दे, खरा असंल तोच. ताजी भाजी असती, ताजा गूळ असतो, कापडाला ताजं कोण म्हणतं? अभिनव म्हंजे आधी कुणी केलंच न्हाई असं. त्याच्या दुकानात असं काय हाय?"

"अन् नूतन?"

"नूतन म्हंजे नवीनच, पण पुस्तकातलं. बाजारच्या बायांला कळंल का?" हे खोकले, मी पाणी दिलं. "खणाचा नमुना इथं कुणी आणलाच नव्हता, मी पाह्यला, तिथं 'नवीन नमुना' लिव. धोतरं गुरुवारी उतरली, तिथं 'नुकतीच आलेली'. गिरणीतून कवा निघाली ते आपल्याला ठाऊक न्हाई, म्हून 'नवीन' न्हाई लिवायचं."

"लुगडी?"

"लुगडी मागल्या सालची हायेत. घडीवर पिवळी पडलीत. तिथं नुसतं 'काठाची लुगडी' लिव."

अन् हे झोपले.

मी खण लिवला, धोतरं लिवली, 'काठाची लुगडी' लिवलं, तवर दारात मालक उभे.

"वहिनी, झालं का हो? दुकानदार माझ्या डोक्यावर बसलाय. त्याला लुगडीच खपवायचीत, तिथं 'नवीन' आलं न्हाई तर म्हणतो मी दुसरीकडं जातो."

"व्हय व्हय, हे लिवूनच राहिले," मी म्हणले, दार अर्धं लोटून. खोटं. अन् तिथंच उकिडवं बसून 'काठाची लुगडी'च्या आधी जागा होती तिथं 'नवीन' लिवलं. घाबरत लिवलं तरी अक्षर सरळ आलं. पोरगं रांगत आलं, सकाळी तेल लावलेलं, त्याचं बोट त्या शब्दाजवळ टेकलं. मी कागद तसाच देऊन टाकला.

यांना सांगितलं न्हाई.

शनिवारी शेजारची मावशी आली. तिला वाचता येत न्हाई. तिला पोरीला नवं लुगडं घेऊन सासरी लावून द्यायचं होतं, जाहिरातीचा कागद पदरात धरून आली. "पोरी, वाच बरं, काय म्हणतंय?"

मी वाचलं. खण, नवीन नमुना. धोतरं, नुकतीच आलेली. मंग थांबले. शब्दाच्या बाजूला काळा टिपका होता, बाळाच्या बोटाएवढा.

"अगं, पुढं? लुगड्याचं काय म्हणतंय?"

वाचलं न्हाई तर म्हणंल काहून थांबली. वाचलं तर… मी वाचलं. "नवीन काठाची लुगडी."

"बरं झालं बाई. तू वाचलंस म्हंजे बराबर असंल."

आठ दिवसानं परत आली. लुगडं हातात होतं. पोरीनं नेसायला उलगडलं अन् घडीवरून फाटलं, काठापस्तोर. मावशी भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं.

"दुकानदार म्हणतो, नवीन म्हंजे तुमच्यासाठी नवीनच हाय. तू वाचलंस ना ग, तसंच लिवलं व्हतं ना?"

"व्हय," मी म्हणले. "तसंच लिवलं होतं."

"मंग तुझा काय दोष," ती म्हणली, अन् लुगडं पुन्हा त्याच घडीवर घालून निघून गेली.

यांनी खाटेवरून समदं ऐकलं होतं. ताप उतरला होता तवा. मंग म्हणले, "कागद आण तो." मावशीचा कागद माझ्याकडंच राहिला होता, तो मी आणला. त्या शब्दावर अन् टिपक्यावर बोट फिरवलं, घडी करून उशाखाली ठेवला.

यांचं काम टिकलं. मालकाला कायच कळलं न्हाई. हे बरे होऊन पुन्हा लिवायला लागले, पण माझ्या हातात शाई कवा दिली न्हाई, अन् मीबी मागितली न्हाई. मावशी पुढंबी कागद आणायची वाचायला. दरवेळी मी म्हणायचे, पोरगं रडतंय, मंग वाचते.